आठ हजार फॉलोअर आणि ब्रँडला पहिला मेल: ब्युटी क्रिएटरसाठी मीडिया किट ते करार

मीडिया किट म्हणजे ब्रँडला पाठवायची, तुमची ओळख, आकडे आणि कामाचे नमुने असलेली छोटी फाइल. ती बनवायची म्हटलं की बहुतेक जणी आधी कॅनव्हा उघडतात, गुलाबी टेम्प्लेट निवडतात आणि मग त्यात भरायला आकडे शोधतात. त्यामुळे टेम्प्लेटमध्ये जिथे मोठा चौकोन असतो तिथे फॉलोअरचा आकडा जातो. कमी फॉलोअर असलेल्या क्रिएटरचा नेमका तोच आकडा सर्वांत कमकुवत असतो. पुढचे टप्पे क्रमाने करा. डिझाइन तिसऱ्या टप्प्यावर येतं, आणि दर तर त्याच्याही बऱ्याच नंतर.

सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. रत्नागिरीची एक क्रिएटर आहे, इन्स्टाग्रामवर ८,४०० फॉलोअर. त्वचा तेलकट, वर्ण गव्हाळ. व्हिडिओ मराठीत, विषय दमट हवेत टिकणारा मेकअप. तिला एका छोट्या भारतीय ब्रँडच्या ३९९ रुपयांच्या वॉटरप्रूफ काजळासाठी काम मिळवायचं आहे. क्रिएटर, ब्रँड आणि त्यांचे आकडे काल्पनिक आहेत. हिशेबाची पद्धत मात्र जशीच्या तशी वापरता येईल.

## टप्पा १: आकडे गोळा करा, पण सरासरी काढू नका

अकाउंट प्रोफेशनल प्रकारात असेल तरच इनसाइट्स दिसतात. आज बदललंत तर आकडे साठायला थोडा वेळ द्या आणि मगच पुढे जा.

शेवटच्या १२ रील्स घ्या. निवडून घेऊ नका, ओळीने घ्या. टाकून आठवडाही न झालेली रील सोडा, कारण तिचे आकडे अजून वाढत असतात. आपल्या उदाहरणातले व्ह्यूज चढत्या क्रमाने असे आहेत: २,१००, २,४००, २,६००, २,९००, ३,१००, ३,३००, ३,५००, ३,८००, ४,२००, ४,६००, ५,३०० आणि एक अचानक खूप चाललेली रील, ९६,०००.

यांची सरासरी येते ११,१५०. किटमध्ये हा आकडा लिहिला की ब्रँडची मुलगी प्रोफाइल उघडते, रील्सच्या ग्रिडवर नजर टाकते आणि तिला सगळीकडे तीन-चार हजारच दिसतात. पुढचं किट ती वाचत नाही. म्हणून मधला आकडा घ्या. चढत्या क्रमात सहावी आणि सातवी रील म्हणजे ३,३०० आणि ३,५००, त्यांच्या मधला ३,४००. किटमध्ये लिहायचं: ‘रीलला साधारण ३,४०० व्ह्यूज, सर्वाधिक ९६,०००’. दोन्ही खरं आहे, आणि मोठा आकडा त्याच्या जागी राहतो.

दुसरा आकडा एंगेजमेंटचा. तो फॉलोअरवर काढू नका, रीचवर काढा, म्हणजे रील किती वेगवेगळ्या लोकांपर्यंत पोचली त्यावर. लाइक, कमेंट, सेव्ह आणि शेअर यांची बेरीज करा, तिला त्या रीलच्या रीचने भागा आणि शंभरने गुणा. समजा एका रीलचा रीच २,७००. लाइक १३८, कमेंट २१, सेव्ह ६४, शेअर २०. बेरीज २४३, म्हणजे ९ टक्के. बाराही रील्सचा असा टक्का काढून पुन्हा मधलाच घ्या, आणि तो कसा काढला हे किटमध्ये अर्ध्या ओळीत लिहा. कोणी फॉलोअरवर काढतं, कोणी रीचवर. पद्धत लिहिली नाही तर समोरचा आपल्या पद्धतीने ताडून बघतो आणि तुम्ही फुगवून सांगितलंत असं धरतो.

ब्युटीमध्ये सेव्हचा आकडा वेगळा दाखवावा. लाइक सवयीने पडतो. काजळाच्या व्हिडिओला सेव्ह करणारी बाई दुकानात किंवा ॲपवर तो पुन्हा उघडून शेड आणि नाव बघणार असते.

तिसरी गोष्ट, प्रेक्षक कोण. इनसाइट्समधून वयोगट, स्त्री-पुरुष प्रमाण आणि वरची पाच शहरं घ्या. इथे बऱ्याच जणींना धक्का बसतो. लग्नाच्या मेकअपचे व्हिडिओ असूनही अर्धे प्रेक्षक पुरुष निघतात. तसं असेल तर आत्ता ब्रँडला पिच, म्हणजे कामाचा प्रस्ताव, पाठवू नका. दोन-तीन महिने निव्वळ उपयोगाचे व्हिडिओ टाका, उत्पादन कसं लावायचं, कोणती शेड, किती तास टिकलं अशा धर्तीचे, आणि आकडे पुन्हा बघा.

तपासा: प्रत्येक आकड्याचा स्क्रीनशॉट काढला का? त्यात कालावधी दिसतो का? तारीख कापलेला स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालत नाही.

## टप्पा २: एक वाक्य लिहा

किट बनवण्याआधी हे वाक्य कागदावर लिहून घ्या: कोणत्या त्वचेच्या, कुठल्या, किती वयाच्या बायका तुमच्याकडे कोणता प्रश्न घेऊन येतात.

‘ब्युटी, फॅशन, लाइफस्टाइल’ हे उत्तर नाही. उदाहरणातलं वाक्य असं होईल: ‘कोकण, मुंबई आणि ठाण्यातल्या १८ ते ३४ वयाच्या, तेलकट त्वचेच्या बायकांसाठी घामात आणि पावसात टिकणारा मेकअप, मराठीत.’ यातला प्रत्येक शब्द पहिल्या टप्प्यातल्या आकड्यांवर उभा असला पाहिजे. वरच्या पाच शहरांत ठाणं नसेल तर ठाणं लिहू नका.

वाक्य खरं आहे की नाही हे कमेंट्समध्ये कळतं. शेवटच्या १२ रील्सखाली लोकांनी विचारलेले प्रश्न उतरवून काढा. ‘ताई, हे पसरत नाही का?’, ‘चष्मा असेल तर चालेल का?’, ‘कुठे मिळेल?’ असे दहा प्रश्न मिळाले तर त्यांतले तीन सरळ किटमध्ये जातील, नावं झाकून.

## टप्पा ३: किट दोन पानांचं

दोनच पानं. ब्रँडकडे हे काम बघणारी व्यक्ती किट मोबाइलवर उघडते, आणि पाचव्या पानापर्यंत कोणी जात नाही.

पहिल्या पानावर वरती नाव, हँडल, शहर, भाषा आणि दुसऱ्या टप्प्यातलं वाक्य. मग फिल्टर नसलेला, खिडकीच्या उजेडातला चेहऱ्याचा एक फोटो. त्याच्या शेजारी त्वचेचा प्रकार, वर्ण, अंडरटोन, आणि डोळ्यांना किंवा त्वचेला कशाची ॲलर्जी असेल तर ती. हा भाग बहुतेक किट्समध्ये नसतोच. फाउंडेशन किंवा कन्सीलर विकणाऱ्या ब्रँडला शेड पाठवायची असते, त्यामुळे त्यांना पहिल्यांदा हेच हवं असतं. त्याखाली आकडे, आणि आकड्यांखाली कालावधी: ‘१ जानेवारी ते ३१ मार्च २०२६, इन्स्टाग्राम इनसाइट्स’.

दुसऱ्या पानावर कामाचे तीन नमुने, प्रत्येकाला थेट लिंक. तीन व्हिडिओ तीन प्रकारचे निवडा: एक जवळून लावताना दिसणारा, एक टिकण्याची चाचणी घेणारा, एक बोलून समजावणारा. प्रत्येकाखाली एक ओळ, व्ह्यूज आणि सेव्ह. मग कमेंट्समधले ते तीन प्रश्न. शेवटी तुम्ही काय करून देता, म्हणजे रील, स्टोरींचा संच, किंवा ब्रँडच्या स्वतःच्या पेजसाठी व्हिडिओ, आणि संपर्क.

दर किटमध्ये लिहू नका. काम काय आहे हे कळायच्या आधी लिहिलेला दर एकतर कमी पडतो, नाहीतर दार बंद करतो.

इशारा: स्वतःच्या पैशाने घेतलेल्या लिपस्टिकच्या ब्रँडचा लोगो ‘यांच्यासोबत काम केलं’ या रांगेत लावू नका. या क्षेत्रातली माणसं नोकऱ्या बदलत एकाच वर्तुळात फिरतात, आणि हे तपासायला एक फोन पुरतो. आधी काम नसेल तर तो भाग गाळा. रिकाम्या जागेपेक्षा खोटा लोगो महागात पडतो.

फाइल पीडीएफ ठेवा, पाच एमबीच्या आत, आणि नाव असं द्या की दोनशे फाइल्समध्ये सापडेल:

```
MediaKit_TumcheNaav_Apr2026.pdf
```

तपासा: फाइल स्वतःला व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोनवर उघडा आणि झूम न करता सगळं वाचता येतं का बघा. तिन्ही लिंक बोटाने दाबून उघडा. किटचा फोटो करून पाठवला तर लिंक मरतात.

## टप्पा ४: दहा ब्रँड, शंभर नव्हे

यादीत मोठी नावं भरण्यात अर्थ नाही. त्यांचं काम सहसा एजन्सीमार्फत चालतं आणि थेट मेल तिथे अडकतो. छोट्या क्रिएटरसोबत आत्ता पैसे देऊन काम करणारे ब्रँड शोधा. ते कळण्याच्या दोन जागा आहेत.

एक, ब्रँडच्या प्रोफाइलवर टॅग झालेल्या पोस्ट्स. तिथे पाच ते वीस हजार फॉलोअरच्या क्रिएटर दिसतात का, आणि त्यांच्या पोस्टवर पेड पार्टनरशिपचं लेबल आहे का, ते बघा. दोन, मेटाची ॲड लायब्ररी. ती सर्वांना खुली आहे. देश भारत निवडून ब्रँडचं नाव टाकलं की चालू असलेल्या जाहिराती दिसतात. त्यांत साध्या घरात शूट केलेले, बोलणाऱ्या मुलींचे व्हिडिओ असतील तर त्या ब्रँडला तुमच्यासारखंच काम लागतं. नुसते स्टुडिओतले फोटो असतील तर पुढचं नाव घ्या.

वेळही इथेच ठरवा. कोकणात पाऊस साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. म्हणजे पसरणाऱ्या काजळाचा व्हिडिओ जूनच्या सुरुवातीला पडायला हवा, आणि मेल एप्रिलच्या मध्यात जायला हवा. मधले सहा-आठ आठवडे उत्तर, बोलणी, पार्सल, चाचणी, शूट आणि मंजुरी यांत जातात. दिवाळीसाठी ऑगस्टमध्येच लिहावं लागतं. ऑक्टोबरमध्ये पैसे वाटून झालेले असतात.

मेल पत्ता ब्रँडच्या वेबसाइटवर किंवा इन्स्टाग्राम बायोमध्ये सापडतो, नाहीतर लिंक्डइनवर मार्केटिंग सांभाळणाऱ्या व्यक्तीचं नाव मिळतं. डब्यावर छापलेला कस्टमर केअरचा पत्ता तक्रारींसाठी असतो, तिथे पिच पाठवू नका. डीएममध्ये फक्त एवढंच विचारा: ‘कोलॅबसाठी कोणत्या मेलवर लिहू?’

## टप्पा ५: मेल

ब्रँडची टीम मराठी असेलच असं नाही, त्यामुळे मेल साध्या इंग्रजीत जाईल. पण मसुदा आधी मराठीत लिहा. मराठीत मुद्दा धूसर असेल तर इंग्रजीत तो पुसलाच जातो.

मजकूर दीडशे शब्दांच्या आत ठेवा. क्रम असा: ब्रँडबद्दल एक नेमकी गोष्ट, तुमचा प्रेक्षक, एक कल्पना, एक पुरावा, एक प्रश्न. ‘तुमची उत्पादनं मला खूप आवडतात’ हे वाक्य प्रत्येक मेलमध्ये असतं, म्हणून ते वाचलंच जात नाही.

> विषय: पावसाळ्यातल्या काजळ चाचणीची कल्पना, कोकण आणि मुंबईच्या प्रेक्षकांसाठी
>
> नमस्कार,
>
> तुमच्या वॉटरप्रूफ काजळाच्या पानावर ‘चष्म्याच्या वाफेत टिकतं का’ हा प्रश्न ग्राहकांनी तीनदा विचारलेला दिसला. त्याचं व्हिडिओतलं उत्तर तुमच्या पेजवर सापडलं नाही.
>
> मी रत्नागिरीहून तेलकट त्वचेसाठी दमट हवेत टिकणारा मेकअप मराठीत दाखवते. प्रेक्षकांत १८ ते ३४ वयाच्या बायका ७१ टक्के. मुंबई, पुणे, ठाणे, रत्नागिरी आणि कोल्हापूर ही वरची शहरं.
>
> कल्पना: ४० सेकंदांची एक रील. सकाळी आठला काजळ, मग चष्मा आणि हेल्मेट, संध्याकाळी पाचला तोच डोळा, त्याच खिडकीत, फिल्टरशिवाय. याच धर्तीच्या माझ्या लायनरच्या रीलला ४,२०० व्ह्यूज आणि १८० सेव्ह आले. लिंक खाली, किट सोबत.
>
> जूनच्या पहिल्या आठवड्यासाठी हे तुमच्या नियोजनात बसेल का?

यात पैशाचा विषय नाही आणि फुकट वस्तूचीही मागणी नाही. ‘प्रॉडक्ट पाठवा, मी व्हिडिओ करते’ असं पहिल्याच मेलमध्ये लिहिलं की बोलणं बार्टरवर, म्हणजे पैशाऐवजी वस्तूवर, सुरू होतं आणि तिथेच संपतं.

इशारा: कल्पनेत निकालाचं वचन देऊ नका. काजळाचा निकाल एका दिवसात दिसतो. सीरमला निदान तीन-चार आठवडे द्यावे लागतात आणि त्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला पॅच टेस्ट. ‘पार्सल मिळाल्यापासून तीन दिवसांत सीरमचा रिव्ह्यू’ असं लिहिणारी क्रिएटर खोटा रिव्ह्यू देणार हे जाणत्या ब्रँडला तिथेच कळतं.

उत्तर आलं नाही तर पाच-सहा कामाच्या दिवसांनी त्याच मेलखाली दोन ओळी लिहा, आणि त्यात काहीतरी नवीन द्या, उदाहरणार्थ नुकत्याच टाकलेल्या संबंधित रीलची लिंक. आणखी आठवड्याने एकदा. मग थांबा आणि पुढच्या हंगामाला नवी कल्पना घेऊन लिहा.

उलट बाजूने, ‘तुम्हाला ब्रँड ॲम्बेसेडर निवडलं आहे, फक्त शिपिंगचे पैसे भरा’ असा मेसेज आला तर ती ग्राहक पकडायची युक्ती आहे, आणि ओटीपी मागितला तर सरळ फसवणूक.

## टप्पा ६: दर सांगणं

‘तुमचे चार्जेस?’ असं विचारल्यावर लगेच आकडा टाकू नका. आधी तीन गोष्टी विचारा: काय काय करून हवं आहे, व्हिडिओ जाहिरातीत वापरणार का आणि किती दिवस, दुसऱ्या ब्रँडचं काम करायला बंदी असेल का.

मग तास मोजा. उदाहरणातल्या रीलला लिखाण १ तास, शूट ३, एडिट अडीच, दुरुस्ती अर्धा, एकूण ७ तास. तासाला ४०० रुपये धरले तर २,८००, किरकोळ खर्च २००, म्हणजे ३,०००. तीन स्टोरींचा संच ८००. एकूण ३,८००. ब्रँडला ही रील ३० दिवस जाहिरात म्हणून चालवायची असेल तर रीलच्या दराच्या ३० टक्के, म्हणजे ९०० रुपये वर, एकूण ४,७००. तासाचा दर तुमच्या शहरातल्या तुमच्या इतर कामावरून ठरवा. ३० टक्के ही सुरुवातीची बोली आहे, कायदा नव्हे; पण हे पैसे वेगळे मागायलाच हवेत. तुमचा चेहरा महिनाभर जाहिरातीत फिरला की त्या काळात दुसरा काजळवाला तुमच्याकडे येत नाही.

ब्रँड म्हणाला बजेट २,५०० आहे, तर दर पाडू नका, काम कमी करा. स्टोरी काढा, जाहिरातीचा हक्क काढा, बोलण्याऐवजी २० सेकंदांची नुसती लावण्याची क्लिप द्या. तोच व्हिडिओ २,५०० ला दिला तर पुढच्या वेळी बोली २,५०० पासून सुरू होईल.

बार्टर नाकारायलाच हवं असं नाही. वस्तू तुम्ही एरवी विकत घेणारच होतात, बदल्यात एकच काम आहे आणि जाहिरातीचा हक्क दिलेला नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर पहिल्या एक-दोन कामांसाठी चालतं. मात्र फुकट मिळालेली आणि ठेवून घेतलेली वस्तूही उत्पन्नात धरली जाते. एका ब्रँडकडून आर्थिक वर्षात अशा वस्तू २०,००० रुपयांच्या वर गेल्या की १० टक्के टीडीएसचा विषय येतो.

## टप्पा ७: लेखी अटी

छोट्या कामाला स्टॅम्प पेपर लागत नाही, पण सगळं एका मेलमध्ये लिहून समोरच्याकडून ‘मान्य’ असं उत्तर घ्या: काय, किती, कधी, मंजुरी किती दिवसांत, दुरुस्त्या किती (दोन पुरेत, पुन्हा शूट करायचं तर वेगळे पैसे), पैसे किती दिवसांत, वापराचा हक्क कुठे आणि कधीपर्यंत.

सर्वांत जास्त फसगत बंदीच्या अटीत होते. ब्रँड लिहितो, ‘तीन महिने दुसऱ्या कोणत्याही ब्युटी ब्रँडसोबत काम नाही.’ चार हजारांसाठी तुम्ही तीन महिन्यांची कमाई बांधून देता. ‘फक्त काजळ, ३० दिवस’ एवढंच मान्य करा. ‘कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत’ हे शब्द दिसले तर तिथे तारीख घाला.

ही जाहिरात आहे हे सांगणाऱ्या लेबलबद्दल ब्रँड काहीही म्हणाला तरी ते लावावंच लागतं, फुकट वस्तूलाही. जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे एएससीआयच्या नियमांनुसार १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल किमान ३ सेकंद दिसावं, त्याहून मोठ्या पण २ मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एकतृतीयांश वेळ. आपल्या ४० सेकंदांच्या रीलमध्ये ते १४ सेकंद ठेवा. व्हिडिओ मराठी असेल तर ‘जाहिरात’ असं मराठीत चालतं. हॅशटॅगच्या ढिगात पुरलेलं चालत नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल प्रचार करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून ब्रँडच्या स्क्रिप्टमधलं ‘आठ दिवसांत डाग गायब’ किंवा ‘काळेपणा घालवा’ यासारखं वाक्य मंजुरीच्या वेळीच खोडा.

आणि गाणं. ट्रेंडिंग सिनेगीत ब्रँडच्या कामात वापरू नका. व्यावसायिक वापराची परवानगी नसल्याने आवाज बंद होतो किंवा जाहिरात नाकारली जाते, आणि पुन्हा एडिट तुमच्याच गळ्यात पडतं. स्वतःचा आवाज किंवा मेटाच्या साउंड कलेक्शनमधलं संगीत घ्या.

## टप्पा ८: काम पडल्यानंतर

स्टोरीचे आकडे २४ तास संपायच्या आत स्क्रीनशॉटमध्ये घ्या. इनव्हॉइस पोस्टच्या दिवशीच पाठवा, त्यात नंबर, तारीख, पॅन, बँक खातं, आयएफएससी आणि ठरलेली मुदत. जीएसटी नोंदणी नसेल तर जीएसटी लावू नका.

सातव्या दिवशी न मागता एक पानी अहवाल पाठवा: व्ह्यूज, रीच, सेव्ह, शेअर आणि खरेदीबद्दल विचारलेल्या कमेंट्स. तक्रारीच्या कमेंट्सही द्या. ‘टोक लवकर मोडतं’ असं चार जणींनी लिहिलं असेल तर ब्रँडला ते व्ह्यूजपेक्षा उपयोगी असतं. ३० व्या दिवशी तेच आकडे पुन्हा बघा, आणि जाहिरातीच्या हक्काची मुदत संपल्यावर ॲड लायब्ररीत जाऊन जाहिरात खरंच बंद झाली का ते तपासा. चालू दिसली तर स्क्रीनशॉटसह मुदतवाढीचा इनव्हॉइस पाठवा. किटमधले आकडे दर तीन महिन्यांनी बदला, आणि फाइलच्या नावातला महिनाही.